खताचे पैसे, घराचे पैसे आणि हुंडा

हुंड्याच्या कायद्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक म्हणते, "या कायद्याचा सर्रास गैरवापर होतो, नणंद-दीर, म्हातारे सासू-सासरे सगळ्यांना अडकवतात." दुसरे म्हणते, "कायदा आहे, पण कागदावर. पोरी मरतात आणि कोणालाच काही होत नाही." दोन्ही वाक्ये बोलणाऱ्यांनी आपापल्या नात्यातले एखादे उदाहरण पाहिलेले असते, त्यामुळे वाद मिटत नाही. या वेळच्या लेखात आपण त्या वादात बाजू घेण्याआधी एक पायरी खाली उतरून बघू. असा खटला न्यायालयात नेमका कशावर उभा राहतो आणि कशावर पडतो? सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या दोन खटल्यांत हे फार स्पष्ट दिसते. एकात प्रश्न शेतीच्या खताच्या पैशांचा होता, दुसऱ्यात घर बांधायच्या पैशांचा. पण तिथे पोहोचण्यासाठी आधी पुण्याला जावे लागेल.

१९८२ च्या जून महिन्यात पुण्यात एका नवविवाहितेचा सासरच्या घरात विषाने मृत्यू झाला. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. सत्र न्यायालयाने पतीला खुनासाठी फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. पुरावा सगळा परिस्थितिजन्य होता. त्या मुलीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे न्यायालयासमोर होती. त्यांतून ती किती दुःखी होती हे दिसत होते. पण त्याच पत्रांवरून बहुमताने असेही म्हटले, की तिने आत्महत्या केली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. खुनाचा आरोप निर्विवाद सिद्ध व्हायला हवा, शंका राहिली तर तिचा फायदा आरोपीला मिळतो. हे तत्त्व योग्यच आहे आणि त्या निकालात परिस्थितिजन्य पुराव्याचे जे पाच निकष सांगितले, ते आजही प्रत्येक फौजदारी वकिलाला पाठ असतात.

पण त्या काळात, पुण्यातच नव्हे तर दिल्ली-मुंबईतही, लोकांना एक वेगळीच अडचण जाणवू लागली होती. स्वयंपाकघरात किंवा बंद खोलीत जे घडते त्याला बाहेरचा साक्षीदार नसतो. जे घरात असतात ते बहुधा आरोपीच्याच बाजूचे असतात. जिला खरे माहीत होते ती गेलेली असते. मग स्टोव्हचा भडका कोणी उडवला, विष कोणी दिले की तिने स्वतः घेतले, हे सिद्ध करायचे कोणी आणि कसे?

संसदेने याला दोन टप्प्यांत उत्तर दिले. १९८३ मध्ये दंडसंहितेत कलम ४९८-अ आले, म्हणजे विवाहितेचा पतीने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेला छळ हा स्वतंत्र गुन्हा झाला. १९८६ मध्ये कलम ३०४-ब आले, म्हणजे हुंडाबळी. त्याच्या जोडीला पुरावा कायद्यात ११३-ब हे कलम आले. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले तेव्हा क्रमांक बदलले. हुंडाबळी आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८० आहे, छळ हा कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे, आणि पुराव्याचे गृहीतक भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११८ मध्ये आहे. मजकूर जवळजवळ तसाच आहे. वकील मंडळी आणि वर्तमानपत्रे अजून जुनेच क्रमांक बोलतात, म्हणून दोन्ही सांगितले.

आता या गृहीतकाकडे नीट बघू, कारण निम्मे गैरसमज इथेच आहेत. अनेकांना वाटते, की लग्नापासून सात वर्षांच्या आत सून गेली म्हणजे सासरचे आपोआप दोषी. तसे नाही. सरकारी पक्षाला आधी काही गोष्टी दाखवाव्याच लागतात. मृत्यू भाजल्याने, शारीरिक इजेने किंवा एरवीच्या नैसर्गिक कारणांहून वेगळ्या परिस्थितीत झाला. तो लग्नाच्या सात वर्षांच्या आत झाला. तिला पतीने किंवा त्याच्या नातेवाइकाने छळले होते. तो छळ हुंड्याच्या मागणीशी जोडलेला होता. आणि तो मृत्यूच्या "लगत आधी" झालेला होता. एवढे सगळे उभे राहिले, की मगच न्यायालयाने गृहीत धरायचे असते, की हुंडाबळीला हाच माणूस कारणीभूत आहे. इथे मात्र कायद्याचा शब्द सक्तीचा आहे, न्यायाधीशाला "धरू की नको" असा पर्याय राहत नाही. आरोपीला ते खोडून काढण्याची संधी असते. भांडण वेगळ्याच कारणाचे होते, मागणी आपण केलीच नव्हती, मृत्यू आजाराने झाला, असे तो पुराव्याने दाखवू शकतो. नाही दाखवता आले तर किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप.

याचा व्यवहारात काय फरक पडतो ते हरियाणातल्या एका खटल्यात दिसते. १ जुलै १९९४ ला लग्न, ३१ जुलै १९९५ ला भाजून मृत्यू. शरीर ८५ टक्के भाजलेले होते. २८ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यात निकाल दिला. तिने आत्महत्या केली हे सिद्ध झालेले नाही, असे सांगून न्यायालयाने आत्महत्येस प्रवृत्त केल्याची शिक्षा रद्द केली. पण हुंडाबळीची शिक्षा कायम ठेवली. म्हणजे काडी कोणी ओढली हे न कळताही खटला टिकला. पुण्याच्या खटल्यात जी शंका निर्णायक ठरली होती, तीच इथे निर्णायक ठरली नाही, कारण मृत्यूच्या आधीचा हुंड्यासाठीचा छळ सिद्ध झाला होता. ११३-ब याच्यासाठीच आणले होते.

म्हणजेच सगळा भार मृत्यूच्या क्षणावरून त्याच्या आधीच्या दिवसांवर सरकला. त्या दिवसांत काय मागितले गेले, कोणी मागितले, तिने ते कोणाला सांगितले? आता खताच्या पैशांकडे येऊ.

मराठवाड्यातल्या एका शेतकरी घरातली ही गोष्ट. लग्नाला सुमारे अडीच वर्षे झाली होती. सप्टेंबर १९९१ मध्ये सुनेचा विषाने मृत्यू झाला. आईवडिलांनी न्यायालयात सांगितले, की नवरा आणि सासू तिला मारत, माहेरून पैसे आण म्हणत. किती पैसे? हजार-बाराशे रुपये. कशासाठी? घरखर्चासाठी आणि शेतात खत घालण्यासाठी. खालच्या दोन्ही न्यायालयांनी हे हुंडाबळीचे प्रकरण मानून शिक्षा दिली. जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. न्यायालयाने मारहाण झालीच नाही असे म्हटले नाही. त्याचे म्हणणे असे, की हुंडा म्हणजे लग्नाच्या संबंधाने दिलेली किंवा मागितलेली मालमत्ता. आर्थिक ओढगस्तीत घरखर्चाला किंवा खताला मागितलेले पैसे त्या व्याख्येत बसत नाहीत, आणि दंड देणारा कायदा काटेकोरच वाचला पाहिजे.

आता तुम्हीच विचार करा. आपल्या घरांत "हुंडा" हा शब्द हल्ली कोण उच्चारतो? बैठकीत सगळे म्हणतात, "आम्हाला काही नको, नारळ आणि मुलगी द्या." मग लग्न दोन्ही बाजूंच्या इभ्रतीला शोभेल असे व्हायला हवे असते. नंतर जावयाच्या नव्या धंद्याला थोडा हातभार, फ्लॅटच्या डाऊन पेमेंटला उसने म्हणून पाच लाख, दिराच्या परदेशी शिक्षणाला मदत. प्रत्येक वेळी मागणीला काहीतरी सभ्य नाव असते. खताच्या पैशांचा निकाल तसाच राहिला असता, तर हे प्रत्येक सभ्य नाव सुटकेचा दरवाजा ठरले असते.

तो दरवाजा २०१५ मध्ये बंद झाला. खटला पंजाबातला. १९९० मध्ये लग्न झाले. नवऱ्याला घर बांधायचे होते, त्यासाठी बायकोच्या वडिलांकडे पैशांची मागणी होत राहिली. वडील शेतकरी. रोख जमली नाही म्हणून त्यांनी एकदा मुलीबरोबर म्हैस पाठवली. मागणी थांबली नाही. मृत्यूच्या सुमारे पंधरा दिवस आधी मुलगी पुन्हा माहेरी आली आणि तिने तेच सांगितले. पीक निघाले की पैसे देतो, असे वडिलांनी सांगितले. ३१ ऑगस्ट १९९३ ला तिचा कीटकनाशकाने मृत्यू झाला.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २६ फेब्रुवारी २०१५ ला नवऱ्याची शिक्षा कायम ठेवली आणि खताच्या पैशांबाबतचे आधीचे मत कायदा म्हणून चूक ठरवले. युक्तिवाद सरळ होता. हुंड्याच्या व्याख्येतच लग्नाच्या "आधी, वेळी किंवा नंतर कधीही" असे शब्द आहेत. लग्न झाले नसते तर हा माणूस या सासऱ्याकडे घरासाठी पैसे मागायला गेलाच नसता. मग मागणीचे कारण घर असो की खत, तिचा पाया लग्नाचे नातेच आहे. जी सामाजिक रीत मोडण्यासाठी कायदा आणला, तो वाचताना व्यवहारज्ञान बाजूला ठेवता येत नाही. याच निकालाने "लगत आधी" या शब्दांचाही उलगडा केला. लगत म्हणजे आदल्याच दिवशी नव्हे. किती दिवस किंवा महिने गेले याचे ठरलेले माप नाही. छळाचा धागा मृत्यूपर्यंत जिवंत होता का, मध्येच तुटला नव्हता ना, हे बघायचे. एकदा वर्षभरापूर्वी भांडण झाले, मग समेट झाला, सगळे सुरळीत चालले आणि नंतर मृत्यू झाला, तर धागा तुटला असे बचाव पक्ष म्हणू शकतो. पंजाबच्या खटल्यात तो धागा टिकला, त्याला शेवटच्या पंधरवड्यातल्या मुलीच्या त्या फेरीचा मोठा आधार होता.

इथे थोडे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, कारण गैरवापराच्या सगळ्या वादात ती हरवते. हे हुंड्याचे सक्तीचे गृहीतक फक्त मृत्यूनंतर लागू होते. जिवंत बाई छळाची तक्रार घेऊन येते, तेव्हा तिच्या बाजूने असे कोणतेही गृहीतक नसते. कलम ४९८-अ, म्हणजे आजचे ८५, यात सगळे तिनेच, म्हणजे तिच्या बाजूने सरकारी पक्षाने, सिद्ध करायचे असते. तेही संशयाला जागा न ठेवता. ज्या कायद्याला लोक "एकतर्फी" म्हणतात, तो जिवंत तक्रारदाराच्या बाबतीत पुराव्याच्या दृष्टीने इतर कोणत्याही गुन्ह्यासारखाच आहे. त्याची धार होती ती अटकेत. तक्रार आली की पोलीस वयस्कर सासू-सासऱ्यांसकट सगळ्यांना उचलत, आणि तेवढीच शिक्षा अनेकांना पुरेशी होती. खरा राग त्याचाच होता. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने "कायदेशीर दहशतवाद" असा शब्द वापरला तो याच संदर्भात.

त्यावर उपाय झाले आहेत. जुलै २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांनी आपोआप अटक करायची नाही. अटक का गरजेची आहे याची कारणे लिहायची, नाहीतर नोटीस देऊन हजर राहायला सांगायचे. ४९८-अ ची कमाल शिक्षा तीन वर्षे असल्याने ते यात येते. हुंडाबळी येत नाही. २०१७ मध्ये दोन न्यायमूर्तींनी याहून पुढे जाऊन सांगितले, की प्रत्येक तक्रार आधी कुटुंब कल्याण समितीकडे जावी. २०१८ मध्ये तीन न्यायमूर्तींनी ती समितीची अट काढून टाकली, कारण कायद्यात नसलेली पायरी न्यायालयाने घालणे त्यांना मान्य नव्हते. आणि जुलै २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या तशाच समित्यांच्या आणि दोन महिने थांबण्याच्या सूचनांना मान्यता दिली. हा झोका अजून थांबलेला नाही.

गैरवापराच्या बाजूने नेहमी एक आकडा दिला जातो. ४९८-अ मध्ये निकाल लागलेल्या खटल्यांपैकी शिक्षा होते ती शंभरात वीसपेक्षाही कमी खटल्यांत. यावरून बाकी सगळ्या तक्रारी खोट्या, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण चूक आहे. न्यायालयाने खोटी तक्रार म्हटले आणि पुरावा अपुरा पडला म्हटले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय या कलमात तडजोड करून खटला सहज मागे घेता येत नाही. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा यावर दोन घरांचे जमले, की एक तर उच्च न्यायालयात जाऊन खटला रद्द करून घ्यावा लागतो, किंवा साक्षीच्या वेळी तक्रारदार "मला काही आठवत नाही" म्हणते आणि आरोपी सुटतात. आकडेवारीत ती सुटका म्हणूनच मोजली जाते. छळ झाला होता की नव्हता, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

दुसऱ्या बाजूलाही आकडे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात हुंडाबळीचे ६,४५० गुन्हे आहेत, म्हणजे रोज सतराच्या वर. त्याच वर्षी पती व नातेवाइकांच्या क्रूर वागणुकीचे सुमारे १ लाख ४० हजार गुन्हे नोंदले गेले. हे आकडे मोठे वाटतात, पण ते नोंदवलेले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत ज्या स्त्रियांनी हिंसा सोसल्याचे सांगितले, त्यांच्यापैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कोणाची मदत मागितली होती. ती मदतही बहुतेकींनी माहेरच्यांकडेच मागितली, पोलिसांकडे जाणाऱ्या फारच थोड्या. म्हणजे शंभर जणींपैकी ऐंशीहून अधिक जणी मदतच मागत नाहीत.

मग गैरवापर खरा की न-वापर? दोन्ही खरे असू शकतात, आणि गंमत म्हणजे दोन्हींचे मूळ बऱ्याचदा एकाच कागदावर सापडते. तो कागद म्हणजे फिर्याद. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वडोदऱ्याची मुलगी पुण्यात दिली. दोन वर्षांनी ती माहेरी परतली आणि फिर्याद लिहिली गेली: "लग्न झाल्यापासून पती, सासू, सासरे, दीर, जाऊ आणि विवाहित नणंद हे सर्व जण हुंड्यासाठी माझा शारीरिक व मानसिक छळ करीत असत." वाक्यात सहा माणसे आहेत, तारीख एकही नाही. नणंद बंगळुरूला राहते आणि दोन वर्षांत तीनदा आली आहे. अशा फिर्यादींना न्यायालये सरसकट आरोप म्हणतात आणि विशेषतः दूरच्या नातेवाइकांवरचे खटले सुरुवातीलाच रद्द करतात. डिसेंबर २०२४ मध्ये तेलंगणातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच केले. नणंदेवर अन्याय झाला म्हणून तो गैरवापर. पण बघा, त्याच वाक्यामुळे नवऱ्यावरचा खरा आरोपही पातळ झाला. उलटतपासणीत वकील विचारणार, "नणंदेबद्दल तुम्ही चुकीचे लिहिले, मग नवऱ्याबद्दल कशावरून बरोबर?"

आता तीच फिर्याद अशी असती: "१२ मार्चला रात्री पती आणि सासू यांनी फ्लॅटच्या हप्त्यासाठी वडिलांकडून चार लाख आण असे सांगितले. मी नकार दिल्यावर पतीने मला मारले. १४ मार्चला मी बहिणीला हे व्हॉट्सॲपवर कळवले. २० मार्चला वडिलांनी दीड लाख पतीच्या खात्यावर पाठवले." यात दोनच माणसे आहेत, पण प्रत्येक वाक्याला आधार शोधता येतो. नणंद यात नाही, कारण तिने काही केले नव्हते. असा कागद निरपराधाला वाचवतो आणि अपराध्याला सुटायला जागा ठेवत नाही.

तुमच्या पिढीला एक सोय आहे जी पंजाबच्या त्या वडिलांना नव्हती. म्हैस दिल्याची पावती नसते, पण यूपीआयने पाठवलेल्या पैशांची असते. पैसे द्यावेच लागले तर रोख देऊ नका, आणि ते कशासाठी दिले हे संदेशात लिहा. मारहाण झाली तर सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना खरे कारण सांगा, "पाय घसरला" सांगू नका. तो कागद नंतर बदलता येत नाही. लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या, असा नियम १९८५ पासून आहे. फार थोडी घरे तो पाळतात. आहेराची वही आपण लिहितोच, त्यात ही दोन पाने वाढली तर नंतरचे स्त्रीधनाचे वाद बरेच कमी होतील. आणि हुंडा दिला हे सांगितले तर आपल्यावरच गुन्हा होईल, या भीतीने अनेक वडील गप्प बसतात. हुंडा प्रतिबंधक कायद्यातच तरतूद आहे, की पीडित व्यक्तीने दिलेल्या जबाबावरून तिच्यावर त्या कायद्याखाली खटला चालवता येत नाही.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांना एक गोष्ट विशेष उपयोगाची आहे. आपल्या मुली इंदूरहून नागपूरला, बेळगावहून पुण्याला, हैदराबादहून ठाण्याला जातात. छळ तिथे झाला तर तक्रार तिथेच करावी लागते, असा समज होता आणि पोलीसही तेच सांगून परत पाठवत. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सासर सोडून स्त्रीने जिथे आसरा घेतला असेल, तिथेही ४९८-अ ची तक्रार करता येते. नव्या कायद्यात कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची तरतूदही आली आहे. आणि ज्यांना कोणाला तुरुंगात पाठवायचे नाही, फक्त मार थांबवायचा आहे आणि घरात राहण्याचा हक्क हवा आहे, त्यांच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार संरक्षण कायदा आहे. त्यात संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तातडीची मदत हवी असेल तर ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक चालतात.

आणि एक दुःखद पण गरजेचे सांगायचे आहे. लग्नाच्या सात वर्षांच्या आत विवाहितेची आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदन आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायला हवी, असे कायदा सांगतो. माहेरच्यांनी पोहोचण्याआधी अंत्यविधी उरकण्याची घाई होत असेल, तर जवळच्या पोलीस ठाण्याला लगेच कळवा. राख झाल्यावर उरतात फक्त दोन घरांचे परस्परविरोधी जबाब.

खताच्या पैशांपासून घराच्या पैशांपर्यंत यायला सर्वोच्च न्यायालयाला आठ वर्षे लागली. त्या निकालाचा उपयोग कोणाला झाला, तर गेलेल्या मुलीच्या घरच्यांना. गृहीतकाची ताकद शेवटी तिच्या मृत्यूनंतरच कामाला येते. जिवंतपणी तिच्याजवळ असते ती तिने सांगितलेली गोष्ट आणि ती ऐकून घेणारी माणसे. पंजाबच्या त्या वडिलांनी मुलीचे ऐकले होते, तिला अविश्वासाने परत पाठवले नव्हते. पीक निघेपर्यंत थांबू, एवढाच त्यांचा हिशेब होता. आपल्या घरातली मुलगी महिन्यात दुसऱ्यांदा "काही नाही, सहज आले" म्हणत आली, तर तिला "जमेल हळूहळू" म्हणण्याआधी विचारा, की कोणी किती मागितले आणि केव्हा. उत्तर मिळाले तर तारखेसह लिहून ठेवा. आणि ती सांगत असेल की परत जायचे नाही, तर पुढच्या पिकाची वाट बघू नका.